हप्त्यातलं मुद्दल किती, व्याज किती?

गृहकर्ज घेतलेल्या माणसाला त्याचा हप्ता किती, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून जाणारा तो आकडा त्याला तोंडपाठ असतो. पण गेल्या महिन्याच्या हप्त्यातले किती रुपये मुद्दलात गेले, आजची बाकी किती आणि अजून किती हप्ते उरले, असं विचारलं की बहुतेक जण मोघम उत्तर देतात. 'असतील अजून बारा-तेरा वर्षं.' कर्ज घेताना मुदत वीस वर्षं होती, सात वर्षं झाली, म्हणजे तेरा उरली असणार, असा हा सरळ हिशेब असतो. बदलत्या व्याजदराच्या कर्जात तो बऱ्याचदा चुकलेला असतो, आणि किती चुकला आहे हे कर्जखात्याचा पूर्ण उतारा हातात आल्याशिवाय कळत नाही.

हा उतारा मागायला गेलं की पहिली अडचण येते ती कागदांच्या घोळाची. शाखेत जाऊन 'कर्जाचं स्टेटमेंट द्या' म्हटलं, तर तीनपैकी कुठलाही एक कागद पुढे केला जातो. सगळ्यात पटकन मिळतं ते व्याजाचं प्रमाणपत्र. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत सवलत घेणाऱ्यांना ते दरवर्षी लागतं, त्यामुळे ते एका क्लिकवर निघतं. त्यात वर्षभरात भरलेलं मुद्दल आणि व्याज यांचे फक्त दोन एकूण आकडे असतात. शिवाय आर्थिक वर्ष संपायच्या आधी मिळालेलं प्रमाणपत्र तात्पुरतं असतं, म्हणजे राहिलेल्या महिन्यांचे हप्ते वेळेवर येतील असं धरून काढलेलं. दुसरा कागद परतफेडीच्या वेळापत्रकाचा. यात पहिल्या हप्त्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाची मुद्दल आणि व्याज अशी फोड दिलेली असते, त्यामुळे हाच आपल्याला हवा असलेला कागद, असं वाटतं. पण वेळापत्रक म्हणजे अंदाज. दर बदलला नाही, एकही हप्ता चुकला नाही, मधे जादा रक्कम भरली नाही, तर कर्ज कसं फिटेल एवढंच ते सांगतं. खरोखर काय घडलं ते तिसऱ्या कागदात असतं, म्हणजे कर्जखात्याच्या उताऱ्यात. कर्जाचा पहिला रुपया वितरित झाला त्या दिवसापासून आजपर्यंत खात्यात पडलेली प्रत्येक नोंद त्यात यायला हवी.

हा तिसरा कागद मिळाला तरी कपाळावर आठ्या पडतात, कारण कित्येक बँकांच्या उताऱ्यात मुद्दल आणि व्याज असे रकानेच नसतात. बँक कर्जखातं एखाद्या खतावणीसारखं चालवते. महिनाअखेरीला त्या महिन्याचं व्याज नावे टाकते, म्हणजे बाकी तेवढ्यानं वाढते. पाच तारखेला हप्ता आला की तो पूर्ण जमा करते, म्हणजे बाकी तेवढ्यानं कमी होते. फोड कुठेच छापलेली नसते. ती आपण काढायची. हप्त्याच्या रकमेतून आधीच्या महिन्याचं नावे टाकलेलं व्याज वजा केलं की उरलं ते मुद्दल. गृहवित्त कंपन्यांच्या उताऱ्यात उलट प्रकार दिसतो. तिथे 'हप्ता देय' आणि 'हप्ता प्राप्त' अशा जोडीच्या नोंदी असतात आणि फोड वेगळ्या वेळापत्रकात असते. म्हणून मागणी करताना कुठले रकाने हवेत हे स्पष्ट लिहिणं शहाणपणाचं. ते कसं लिहायचं ते पुढे येईलच.

आधी एक खातं उघडून पाहू. नाशिकमधल्या एका शिक्षिकेनं जानेवारी २०२१ मध्ये ३० लाखांचं गृहकर्ज घेतलं, असं धरू. मुदत २० वर्षं, म्हणजे २४० हप्ते. दर रेपो दराशी जोडलेला. तेव्हा रेपो ४ टक्के होता, बँकेचा वरचा फरक पावणेतीन टक्के, म्हणून व्याजदर ६.७५ टक्के. या हिशेबानं हप्ता येतो २२,८११ रुपये.

पहिल्या महिन्याचं व्याज काढायला कागद-पेन्सिल पुरते. बाकी गुणिले दर, भागिले १२००. तीस लाखांवर ६.७५ टक्क्यांनी महिन्याचं व्याज १६,८७५ रुपये. हप्त्यातून ते वजा केलं की मुद्दलात गेले ५,९३६ रुपये. बाकी उरली २९,९४,०६४. दुसऱ्या महिन्यात व्याज या नव्या बाकीवर लागतं, १६,८४२ रुपये. मुद्दलात जातात ५,९६९. दर महिन्याला व्याज थोडं घटतं आणि तेवढंच मुद्दल वाढतं. बँक सुरुवातीला 'सगळं व्याज आधी कापून घेते' अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. तसं ती काही कापत नाही. सुरुवातीला बाकी मोठी असते म्हणून व्याज मोठं असतं, इतकंच. दोन वर्षांत, म्हणजे २४ हप्त्यांत, या बाईंनी ५ लाख ४७ हजार भरले. त्यातले सुमारे ३ लाख ९५ हजार व्याजात गेले आणि फक्त १ लाख ५२ हजार मुद्दलात. बाकी उरली साधारण २८ लाख ४८ हजार. हे आकडे बघून वाईट वाटेल, पण यात चूक काही नाही.

गंमत पुढे आहे. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं रेपो दर वाढवत नेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहा टक्क्यांवर आला. बाईंचा दर झाला ९.२५ टक्के. खऱ्या खात्यात ही वाढ टप्प्याटप्प्यानं दिसते, पण उदाहरण सोपं राहावं म्हणून ती चोविसाव्या हप्त्यानंतर एकदम झाली असं मानू. हप्ता मात्र बँकेनं तोच ठेवला, २२,८११. बाईंच्या खात्यातून जाणारा आकडा बदलला नाही, त्यामुळे त्यांना काहीच जाणवलं नाही. आता पंचविसाव्या हप्त्याची ओळ पाहा. २८ लाख ४८ हजारांवर ९.२५ टक्क्यांनी महिन्याचं व्याज २१,९५३ रुपये. मुद्दलात गेले ८५८ रुपये.

आठशे अठ्ठावन्न! दोन वर्षांपूर्वी पहिल्याच हप्त्यात जवळजवळ सहा हजार जात होते. या वेगानं कर्ज फिटायला किती हप्ते लागतील याचं गणित मांडलं तर उत्तर येतं सुमारे ४२७ हप्ते, म्हणजे साडेपस्तीस वर्षं. मूळ हिशेबानं उरलेले होते २१६, म्हणजे अठरा वर्षं. मुदत अठरा वर्षांवरच ठेवायची असती तर हप्ता २७,११६ रुपयांवर न्यावा लागला असता, म्हणजे महिन्याला सुमारे ४,३०० रुपये जास्त. यातला कुठला पर्याय बरा हे घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. मुलांच्या शिक्षणाचे दिवस असतील तर मुदत वाढलेली चालेलही. पण निवड बाईंची होती आणि त्यांना ती करायची आहे हेच कोणी सांगितलं नव्हतं. २०२२-२३ मध्ये देशभर असंख्य कर्जदारांचं असंच झालं. काहींची मुदत तर निवृत्तीच्या वयापलीकडे गेली.

व्याज हप्त्यापेक्षाही जास्त झालं तर बाकी घटण्याऐवजी वाढायला लागते. आपल्या उदाहरणात दर आणखी अर्धा टक्का वाढला असता तर तेच झालं असतं. दर महिन्याला नेमानं हप्ता भरायचा आणि कर्ज वाढत जायचं!

यावर रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२३ रोजी एक परिपत्रक काढलं आणि ते नव्या-जुन्या सगळ्या बदलत्या दराच्या हप्तेबंद वैयक्तिक कर्जांना ३१ डिसेंबर २०२३ पासून लागू केलं. गृहकर्जही त्यात येतं. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारायचं. स्थिर दराकडे जायचा पर्याय संस्थेच्या धोरणानुसार द्यायचा, असंही तेव्हा त्यात होतं. मुदत वाढवताना बाकी वाढत जाणार नाही याची काळजी घ्यायची. आपल्या विषयाशी थेट संबंधित असलेली अट अशी, की दर तिमाहीच्या शेवटी कर्जदाराला एक विवरण द्यायचं किंवा योग्य मार्गानं उपलब्ध करून द्यायचं, आणि त्यात किमान आजवर वसूल झालेलं मुद्दल, आजवर वसूल झालेलं व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेल्या हप्त्यांची संख्या आणि संपूर्ण मुदतीसाठीचा वार्षिक दर एवढं असलं पाहिजे. विवरण साधं आणि कर्जदाराला सहज समजेल असं असावं, असंही त्यात म्हटलं आहे.

अनेक बँकांच्या ॲपमध्ये हे विवरण आता असतंही, फक्त कर्जाच्या पानावर चार ठिकाणी बोट ठेवल्यावर सापडतं. त्यातला 'उरलेले हप्ते' हा आकडा आधी पाहा. गेल्या तिमाहीपेक्षा तो तीननं कमी झाला असेल तर सगळं जागेवर आहे. तेवढाच राहिला किंवा वाढला असेल तर दर बदलला आहे, किंवा मधे काहीतरी वेगळं घडलं आहे. मग पूर्ण उतारा मागायची वेळ आली असं समजा, कारण तिमाही विवरणात फक्त एकूण आकडे असतात. घोळ कुठल्या महिन्यात झाला ते ओळ न् ओळ पाहिल्याशिवाय कळत नाही.

उतारा हाती आला की सगळ्या ओळी तपासायची गरज नसते. चार ठिकाणं नीट पाहिली तर पुरतं.

पहिलं ठिकाण अगदी पहिल्या ओळीचं. व्याज कुठल्या तारखेपासून लागलं? रिझर्व्ह बँकेच्या तपासणी पथकांना असं आढळलं होतं, की काही संस्था कर्ज मंजूर झाल्याच्या किंवा करारावर सही झाल्याच्या तारखेपासून व्याज लावतात. काही ठिकाणी धनादेशावरच्या तारखेपासून व्याज लागलं होतं, आणि धनादेश कर्जदाराच्या हातात मात्र कित्येक दिवसांनी पडला होता. २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं हे प्रकार जाहीरपणे नोंदवले, ते अन्याय्य ठरवले आणि असं जादा घेतलेलं व्याज परत करायला लावल्याचंही सांगितलं. महिन्याच्या मधे कर्ज दिलं किंवा फेडलं तरी पूर्ण महिन्याचं व्याज लावण्याचा प्रकारही त्यात आहे. रक्कम किरकोळ असेल असं समजू नका. आपल्या उदाहरणातल्या कर्जाचा धनादेश तेरा दिवस शाखेतल्या कपाटात पडून राहिला असता, तर त्या तेरा दिवसांचं व्याज सुमारे ७,२०० रुपये झालं असतं.

दुसरं ठिकाण दर बदलल्याच्या तारखांचं. रेपोशी जोडलेल्या कर्जाचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्यानं ठरायला हवा. वाढ तत्परतेनं लागू होते हे सगळ्यांनी अनुभवलं आहे. घट लागू झाली का, ते पाहायचं. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रेपो साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आला, म्हणजे सव्वा टक्का उतरला. २८ लाखांच्या बाकीवर सव्वा टक्का म्हणजे महिन्याला सुमारे २,९०० रुपये. ही घट आपल्या खात्यात उतरली असेल, तर हप्ता तोच राहूनही त्यातलं मुद्दल एकदम तेवढ्यानं वाढलेलं दिसलं पाहिजे. तसं दिसत नसेल तर कर्ज अजून जुन्या पद्धतीच्या दरावर आहे का, याची चौकशी करा. बँकांनी ऑक्टोबर २०१९ पासून नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाह्य दराशी जोडली, पण त्याआधीची बरीच कर्जं बँकेच्या स्वतःच्या अंतर्गत दरावर राहिली. गृहवित्त कंपन्यांना तर ही सक्तीच नाही. त्यांचा आधारदर त्या स्वतः ठरवतात.

तिसरं ठिकाण जादा भरलेल्या पैशांचं, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फटका इथेच बसतो. एखाद्यानं भविष्यनिर्वाह निधीचे किंवा गाव सोडताना विकलेल्या जमिनीचे दोन लाख कर्जखात्यात भरले. त्याला वाटतं मुद्दल दोन लाखांनी कमी झालं. उताऱ्यात मात्र ती रक्कम 'आगाऊ जमा' किंवा 'जादा शिल्लक' म्हणून वेगळी पडलेली असते आणि पुढच्या हप्त्यांत वळती होत राहते. बाकीवर व्याज पूर्वीसारखंच चालू. ९.२५ टक्क्यांनी दोन लाखांवर महिन्याला सुमारे १,५४० रुपये असे हकनाक जातात. म्हणून जादा रक्कम भरताना 'ही रक्कम मुद्दलाच्या अंशतः परतफेडीसाठी आहे' असं लेखी द्या आणि हप्ता कमी करायचा की मुदत, तेही लिहा. उताऱ्यात त्या तारखेला बाकी पूर्ण दोन लाखांनी खाली आलेली दिसली पाहिजे. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर यासाठी दंड लावता येत नाही.

चौथं ठिकाण हप्ता चुकलेल्या महिन्यांचं. खात्यात पैसे नसल्यानं हप्ता परत गेला, तर त्याचा आकार आणि उशिराचा दंड लागतो, ते ठीक आहे. पण पूर्वी हा दंड चढ्या व्याजदराच्या रूपानं लागायचा आणि बाकीत मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढायचं. त्यामुळे एका चुकलेल्या हप्त्याची सावली पुढे वर्षानुवर्षं उताऱ्यावर दिसत राहायची. आता दंड हा फक्त दंडात्मक आकार म्हणून लावायचा, तो व्याजदरात मिळवायचा नाही आणि त्यावर व्याज आकारायचं नाही, असा नियम आहे. नव्या कर्जांना तो १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. उताऱ्यात हे आकार मुद्दलापासून वेगळे दाखवलेले आहेत का, एवढं पाहायचं.

पडताळणी करताना दोन गोष्टींवरून मात्र भांडण काढू नका. एक, महिन्याचं व्याज दरवेळी आपल्या सूत्राशी रुपयाला रुपया जुळणार नाही. बऱ्याच बँका व्याज दिवसांवर काढतात. त्याच २८ लाख ४८ हजारांवर तीस दिवसांच्या महिन्यात २१,६५३ रुपये होतात, एकतीस दिवसांच्या महिन्यात २२,३७४ आणि फेब्रुवारीत २०,२०९. त्यामुळे मुद्दलाचा आकडा एका महिन्यात वर, एका महिन्यात खाली असा हलतो. वर्षाची बेरीज केली की तो रुळावर येतो. दुसरी गोष्ट बांधकाम चालू असलेल्या घराची. ठाणे, पुण्याकडे बांधकामाच्या टप्प्यानुसार कर्ज सुटतं आणि ताबा मिळेपर्यंत फक्त सुटलेल्या रकमेवरचं व्याज भरायचं, असा करार असतो. या काळातल्या ओळींत मुद्दल शून्यच दिसणार. 'अडीच वर्षं हप्ते भरले आणि कर्ज एक रुपयानं कमी झालं नाही' ही तक्रार खरी असते, पण ते हप्ते नव्हतेच. ते नुसतं व्याज होतं. तसंच जुन्या खात्यांत मार्च ते ऑगस्ट २०२० या महिन्यांत बाकी वाढलेली दिसली, तर करोनाकाळात हप्ते लांबणीवर टाकल्याचं ते व्याज आहे.

आता मागणी कशी करायची. शाखेत तोंडी सांगितलं तर व्याजाचं प्रमाणपत्र मिळतं, हे वर आलंच. अर्ज लेखी करा, ई-मेलनं किंवा पोच घेऊन, आणि मजकूर असा ठेवा:

'माझ्या गृहकर्ज खात्याचा (क्रमांक ...) पहिल्या वितरणाच्या तारखेपासून आजपर्यंतचा संपूर्ण खातेउतारा द्यावा. त्यात प्रत्येक नोंदीची तारीख, आरंभीची बाकी, त्या वेळी लागू असलेला व्याजदर, आकारलेलं व्याज, जमा झालेली रक्कम, तिच्यातून व्याजापोटी, मुद्दलापोटी आणि इतर आकारांपोटी किती वळती केली, आणि अखेरची बाकी हे स्वतंत्रपणे दाखवावं. व्याजदर बदलल्याच्या सर्व तारखा आणि प्रत्येक बदलानंतर उरलेल्या हप्त्यांची संख्या द्यावी. हा अर्ज व्याजाच्या प्रमाणपत्रासाठी किंवा परतफेडीच्या वेळापत्रकासाठी नाही.'

शेवटचं वाक्य गाळू नका. त्याच्यामुळे एक फेरी वाचते. कर्जात सहकर्जदार असेल तर त्याचीही सही असू द्या. जुन्या काळाच्या उताऱ्यासाठी किंवा दुसऱ्या प्रतीसाठी काही संस्था शुल्क घेतात. ते त्यांच्या जाहीर दरपत्रकात आहे का, हे विचारा आणि नसेल तर लेखी मागा. कर्ज मधेच एका बँकेकडून दुसरीकडे नेलं असेल, तर दोन उतारे लागतील. नव्या बँकेच्या खात्यात जुना इतिहास येत नाही, फक्त घेतलेली बाकी येते. आणि कर्जाच्या कराराची प्रत सापडत नसेल तर तीही सोबतच मागून घ्या. करारात व्याज रोजच्या बाकीवर की महिन्याच्या, आणि आलेली रक्कम आधी कशात वळती करायची, हे लिहिलेलं असतं. त्याच्याशिवाय उतारा तपासता येत नाही.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेल्या उत्तरानं समाधान झालं नाही, तर बँकेविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या पोर्टलवर विनामूल्य करता येते. त्याआधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असणं आवश्यक आहे, आणि तिची पोच इथे उपयोगी पडते. गृहवित्त कंपनी असेल तर तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते. लोकपालाकडे जाताना 'मला फसवलं' असं मोघम लिहिण्यापेक्षा 'अमुक तारखेला भरलेले दोन लाख सात महिने मुद्दलात वळते केले नाहीत, त्यामुळे सुमारे १०,८०० रुपये जादा व्याज लागलं' असं एकच वाक्य लिहिलं, तर प्रकरण हलतं. ते वाक्य लिहायला उताराच लागतो.

आपल्याकडे गावोगावच्या सहकारी पतसंस्थांची कर्जंही मोठ्या प्रमाणावर असतात. त्यांना रिझर्व्ह बँकेची ही परिपत्रकं आणि लोकपाल लागू नाहीत. पण तिथला कर्जदार सभासद असतो, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे त्याला संस्थेच्या दप्तरातला स्वतःच्या व्यवहारांचा भाग कामाच्या वेळेत विनाशुल्क पाहता येतो आणि ठरलेली फी भरून त्याच्या प्रती लेखी अर्जानं मागता येतात. प्रती देण्यासाठी संस्थेला एक महिन्याची मुदत आहे. दाद मागायची ती सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात. हे कलम फारसं कुणी वापरत नाही. सचिव ओळखीचे असतात, त्यांना अर्ज कसा द्यायचा, असा संकोच आडवा येतो. संकोच बाजूला ठेवून अर्ज द्यावा.

आणखी एक. कर्ज फिटलं त्या दिवशी शेवटचा उतारा अवश्य घ्या आणि त्यातली अखेरची बाकी शून्य आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पूर्णांकाच्या फरकातून किंवा एखाद्या जुन्या आकारातून काही रुपये उरले, तर खातं बंद होत नाही आणि पतमाहिती कंपन्यांकडे ते चालूच दिसत राहतं. संपूर्ण परतफेडीनंतर तीस दिवसांच्या आत घराची मूळ कागदपत्रं परत करणं बँका आणि गृहवित्त कंपन्यांवर बंधनकारक आहे, आणि त्यांच्या दोषामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपयांप्रमाणे भरपाई द्यावी लागते. ते तीस दिवस संपूर्ण परतफेडीपासून मोजले जातात आणि शून्य बाकीचा उतारा हा तिचा पुरावा असतो.